टोकियो मेट्रोच्या नकाशाचा फोटो मराठीत कसा उतरवावा

टोकियोच्या एदोगावा प्रभागातील निशी-कासाई परिसरात बरीच भारतीय कुटुंबे राहतात आणि त्यांत मराठी घरेही पुष्कळ आहेत. नवीन आलेल्या कुटुंबाकडे काही महिन्यांनी गावाहून आई-वडील येतात, मुलगा कामावर गेला की त्यांना एकट्याने बाहेर पडावेसे वाटते, आणि मग तिकीट यंत्रावर लावलेल्या मेट्रोच्या नकाशाचा एक फोटो माझ्या फोनवर येऊन पडतो: ‘याचे जरा मराठीत करून द्याल का?’ असे कागद करून देता देता जे हाताशी लागले, ते या लेखात क्रमाने मांडतो. संपूर्ण नकाशा मराठीत करण्याच्या फंदात पडू नये, कारण टोकियोत टोकियो मेट्रोच्या 9 आणि महानगर शासनाच्या तोएई या सेवेच्या 4 अशा एकूण 13 भुयारी मार्गिका आहेत, आणि त्यांच्या अवतीभोवती जेआर व इतर कंपन्यांच्या रेल्वेमार्गांचे जाळे वेगळेच. म्हणून एकच प्रवास घेऊ: निशी-कासाईहून गिन्झाला जाणे आणि संध्याकाळी घरी परतणे.

स्थानकांची नावे नकाशावर रोमन लिपीतही असतात, मग भाषांतर कशाला, असा प्रश्न येथे कोणालाही पडेल. पण चुका नावांमुळे होतात त्याहून अधिक बारीक अक्षरांतल्या टिपांमुळे होतात, आणि कोणती गाडी कोठे थांबत नाही, गाडीचा कोणता बदल तिकिटाच्या फाटकाबाहेरून करायचा, कोणते वेळापत्रक कोणत्या दिवशी लागू, या गोष्टी बऱ्याचदा जपानीतच छापलेल्या असतात. शिवाय ज्यांच्यासाठी कागद करायचा, त्या आई-वडिलांना रोमन अक्षरे सवयीची असतीलच असे नाही.

पहिली पायरी: फोटो

एकच मोठा फोटो काढून भागत नाही. अख्खा नकाशा एका चौकटीत घेतला की स्थानकांची अक्षरे इतकी बारीक होतात की भाषांतराचे अ‍ॅप त्यांतली अर्धी ओळखत नाही आणि उरलेली अंदाजाने वाचते. आधी दिशा कळावी म्हणून पूर्ण नकाशाचा एक फोटो घ्यावा, मग आपल्या मार्गावरचा भाग जवळून दोन-तीन तुकड्यांत घ्यावा, आणि प्रत्येक तुकड्यात शेजारच्या तुकड्यातले एक तरी स्थानक येईल असे पाहावे, म्हणजे नंतर जुळवताना गोंधळ होत नाही. नकाशावर काच असेल तर समोरून न काढता किंचित तिरके उभे राहावे. दिव्याची तिरीप नेमकी एखाद्या नावावर पडते आणि ते नाव फोटोत नाहीसेच होते.

त्याशिवाय दोन जागांचे वेगळे फोटो हवेतच. एक म्हणजे खुणांचा तक्ता, ज्यात कोणता रंग कोणत्या मार्गिकेचा, तुटक रेघ कशाची, ठिपका आणि चौकट यांत फरक काय, हे दिलेले असते. ज्या टिपांच्या आधी ‘※’ अशी फुली असते त्याही बहुधा येथेच सापडतात. दुसरी जागा म्हणजे नकाशाचा कोपरा, जेथे तो कधीचा आहे ते साल-महिना लिहिलेले असते. ही तारीख काही वेळा जपानी कालगणनेत असते. ‘令和’ म्हणजे रेइवा, हे युग 2019 मध्ये सुरू झाले, त्यामुळे त्यापुढच्या आकड्यात 2018 मिळवले की आपले साल मिळते. रेइवा 7 म्हणजे 2025.

तारखेचा हा आग्रह कशासाठी, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. जून 2020 मध्ये हिबिया मार्गिकेवर तोरानोमोन हिल्स हे नवे स्थानक सुरू झाले आणि त्याला H06 हा क्रमांक मिळाल्याने त्यापुढची सर्व स्थानके एकेका आकड्याने सरकली. जुन्या नकाशावर गिन्झा H08 होते, आता ते H09 आहे आणि H08 हा क्रमांक हिबिया स्थानकाकडे गेला आहे. कोणाच्या तरी जुन्या फोटोवरून मराठी कागद केला आणि वडिलांना ‘H08 ला उतरा’ असे लिहून दिले, तर ते मुकाट्याने एक स्थानक पुढे जातील आणि चूक त्यांची नसेल.

दुसरी पायरी: नावे उतरवावीत, त्यांचा अर्थ लावू नये

फोटो अ‍ॅपमध्ये टाकला की ते नावांचेही भाषांतर करू लागते. ‘東西線’ ही आपली मुख्य मार्गिका. तिचे नाव तोझाई, आणि त्यातल्या अक्षरांचा अर्थ पूर्व-पश्चिम. अर्थ चुकीचा नाही, मार्गिका खरोखरच पूर्व-पश्चिम धावते, पण ‘पूर्व-पश्चिम मार्गिका कोठे आहे?’ असे टोकियोत विचारून कोणाला काही बोध होणार नाही. ‘大手町’ म्हणजे ओतेमाची. अक्षरशः पाहिले तर ‘मोठा हात गाव’. ‘西葛西’ म्हणजे निशी-कासाई. अ‍ॅप त्याचे ‘पश्चिम कासाई’ करते, मग कागदावर एक नाव, पाटीवर दुसरे आणि गाडीतल्या घोषणेत तिसरे, अशी अवस्था होते. आपण कोणाला चिंचवडचा पत्ता सांगताना चिंच आणि वड यांचा अर्थ सांगत बसत नाही, तोच न्याय येथे लावावा. नाव जसे उच्चारतात तसे देवनागरीत लिहावे.

देवनागरीचा येथे खरोखर फायदा होतो. रोमन ‘t’ आणि ‘d’ वाचून आपण सवयीने ट आणि ड म्हणतो, परंतु जपानी उच्चार आपल्या त आणि द यांच्या जवळ जातात, म्हणून तोझाई, चियोदा असे लिहिले की गाडीतली घोषणा कानाला ओळखीची वाटते. (टोकियो हे नाव मात्र मराठीत इतके रुळले आहे की ते तसेच ठेवतो.) जोडनावातली आडवी रेघ टिकवावी: मोन्झेन-नाकाचो, निशी-फुनाबाशी. रेघ गाळली की लांबलचक नाव वाचताना वयस्कर माणूस अडखळतो.

काही नावे सारखी दिसतात आणि त्यांच्याकडे मुद्दाम लक्ष द्यावे लागते. आपल्या मार्गावरच ‘西葛西’ आणि ‘葛西’ ही सलग दोन स्थानके आहेत, निशी-कासाई आणि कासाई. फोटोत पहिले अक्षर कापले गेले तर एकाचे दुसरे होते. याहून फसवी जोडी म्हणजे तोयोचो आणि तोयो-कात्सुतादाई. पहिले ‘東陽町’ हे निशी-कासाईच्या दोन स्थानके अलीकडे आहे आणि काही गाड्या तेथेच संपतात. दुसरे ‘東葉勝田台’ हे चिबा प्रांतात, तोझाई मार्गिकेचे शेवटचे स्थानक ओलांडून पुढे जोडलेल्या दुसऱ्या कंपनीच्या मार्गावर आहे. देवनागरीत आणि रोमनमध्ये दोन्ही ‘तोयो’नेच सुरू होतात, जपानीत मात्र दुसरे अक्षर वेगळे आहे. घरी परतताना एक गाडी घराच्या अलीकडे थांबते आणि दुसरी घरावरून खूप पुढे जाते, म्हणून ही दोन नावे कागदावर जपानी अक्षरांसह शेजारी-शेजारी लिहून ठेवावीत.

नावांच्या जोडीला स्थानकांचे क्रमांक आहेत, जे 2004 पासून वापरात आले. प्रत्येक मार्गिकेला एक रोमन अक्षर आणि एक रंग असतो: तोझाई T आणि आकाशी निळा, गिन्झा G आणि नारिंगी, हिबिया H आणि राखाडी. नावाचे आद्याक्षर हेच मार्गिकेचे अक्षर असेल असे मात्र गृहीत धरू नये. H आधीच हिबियाकडे असल्याने हान्झोमोन मार्गिकेला Z मिळाला आणि M मारुनोउचीकडे असल्याने मिता मार्गिका I झाली. तोझाईची स्थानके पश्चिमेच्या नाकानोपासून, म्हणजे T01 पासून, पूर्वेच्या निशी-फुनाबाशीपर्यंत, म्हणजे T23 पर्यंत, ओळीने जातात आणि निशी-कासाई T16 आहे. या आकड्यांना भाषांतराची गरज नाही आणि वजाबाकी केली की किती स्थानके जायचे तेही कळते. माझ्या कागदावर क्रमांक नावाहून मोठ्या अक्षरांत असतो.

तिसरी पायरी: नावाला चिकटलेली छोटी अक्षरे

नावे जशीच्या तशी ठेवायची, पण नावाच्या शेवटी येणारे अक्षर मात्र नेमके समजून घ्यायचे, आणि नवख्या माणसाचे बहुतेक हाल येथेच होतात. ‘線’ म्हणजे मार्गिका. ‘方面’ म्हणजे त्या बाजूला, त्या दिशेने. ‘行’ म्हणजे तेथपर्यंत जाणारी गाडी. एवढी तीन ओळखली तरी पाटीचा अर्धा अर्थ हाती येतो.

हा फरक निहोम्बाशी स्थानकावर फार चांगला दिसतो, आणि आपल्याला गाडी तेथेच बदलायची आहे. तेथून गिन्झा मार्गिका पकडायची असते, आणि त्या मार्गिकेचे एक टोक शिबुया, तर दुसरे आसाकुसा आहे. त्याच निहोम्बाशीला तोएईची एक मार्गिकाही येते आणि तिचे नावच आसाकुसा आहे. त्यामुळे एका पाटीवर ‘浅草線’ दिसते आणि दुसऱ्या पाटीवर ‘浅草方面’. पहिली आसाकुसा नावाची मार्गिका, वेगळ्या सेवेची आणि वेगळ्या फाटकाची. दुसरी गिन्झा मार्गिकेची आसाकुसाकडे जाणारी बाजू. आपल्याला या दोन्ही नकोत, कारण गिन्झा शिबुयाच्या बाजूला आहे: ‘渋谷方面’. कागदावर नुसते ‘आसाकुसा’ एवढेच उतरवले तर दोन्ही पाट्यांचे मराठी सारखेच होईल, म्हणून ‘आसाकुसा मार्गिका’ आणि ‘आसाकुसाकडे’ असे शब्द पूर्ण लिहावेत.

यानंतर येतो गाडीचा प्रकार. मुंबईकरांना हे समजावून सांगावे लागत नाही, फक्त योग्य मराठी शब्द द्यावा लागतो. ‘各駅停車’, किंवा आखूड रूपात ‘各停’, याचे अ‍ॅप ‘प्रत्येक स्थानक थांबा’ असे काहीतरी करते. आपण सरळ ‘धीमी’ लिहावे. ‘快速’ म्हणजे जलद. ‘通勤快速’ हा कामावर जाणाऱ्यांच्या गर्दीच्या वेळचा प्रकार असून त्याला ‘अर्धजलद’ म्हटले की चटकन कळते, कारण ती गाडी तोयोचोनंतर थेट उरायासूला थांबते आणि तेथून पुढे सगळीकडे थांबते.

तोझाईवरील जलद गाडीबद्दल लक्षात ठेवायची गोष्ट अशी की ती नाकानो ते तोयोचो या भागात प्रत्येक स्थानकावर थांबते, त्यामुळे शहराच्या मध्यभागी असताना ती जलद आहे असे जाणवतच नाही. तोयोचो सुटले की ती मिनामी-सुनामाची, निशी-कासाई आणि कासाई ही तीन स्थानके सोडून थेट उरायासूला थांबते आणि त्यानंतर एकदम निशी-फुनाबाशीला. नकाशावर हे लांब वाक्यात लिहिलेले नसते. गाडीच्या दारावरील पट्टीत जलद गाडीची वेगळी रेघ असते आणि ती ज्या स्थानकांवर थांबते तेथेच ठिपका असतो. निशी-कासाईसमोर ठिपका नाही, एवढीच ती सूचना.

माझ्या पहिल्याच महिन्यात मी ओतेमाचीहून अशी गाडी पकडली. पाटीवर शेवटचे स्थानक निशी-फुनाबाशी लिहिले होते, निशी-कासाई वाटेतच आहे, म्हणून निश्चिंत बसलो. मिनामी-सुनामाचीनंतर मार्गिका जमिनीवर येते आणि आराकावा नदीचा रुंद पूल लागतो. पूल संपला की निशी-कासाई. त्या दिवशी पूल संपला तरी गाडी हळू झाली नाही, माझे घर खिडकीतून मागे गेले, आणखी एक नदी आली आणि मी उरायासूला, दुसऱ्या प्रांतात, उतरलो. उपाय सोपा असतो: फाटकाबाहेर न पडता विरुद्ध दिशेच्या फलाटावर जाऊन धीमी पकडायची, दुसरे स्थानक निशी-कासाई. पण पंच्याहत्तरीच्या आजोबांना हे त्या क्षणी सुचेल, यावर विसंबू नये. कागदावर परतीच्या बाजूला मी ठळक लिहितो: गाडीचे शेवटचे स्थानक पाहून चढू नये, आधी प्रकार पाहावा; ‘各停’ असेल तरच चढावे, किंवा जलदमध्ये चढलाच असाल तर T14 तोयोचोला उतरून मागच्या धीमीची वाट पाहावी.

चौथी पायरी: गाडी बदलण्याच्या सूचना

बदलासाठीचा शब्द ‘のりかえ’, नोरिकाए, किंवा कांजी अक्षरांत ‘乗換’. नकाशावर दोन मार्गिका एकमेकींवरून गेल्या म्हणजे तेथे गाडी बदलता येतेच असे नाही. जेथे दोन्ही स्थानके एका चौकटीत किंवा पट्टीने जोडलेली आहेत, तेथेच बदल धरावा.

आता आपला प्रवास. निशी-कासाई T16 वरून नाकानोच्या दिशेने निघून गिन्झाला जाण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. पहिला: T11 कायाबाचोला उतरून हिबिया मार्गिकेने H13 वरून H09 पर्यंत, म्हणजे पाच अधिक चार, नऊ स्थानके. दुसरा: एक स्थानक पुढे T10 निहोम्बाशीला उतरून गिन्झा मार्गिकेने G11 वरून G09 पर्यंत, म्हणजे सहा अधिक दोन, आठ स्थानके. दोन्हींत एकेकच बदल आहे आणि दोन्ही बदल टोकियो मेट्रोच्या आपल्याच दोन मार्गिकांमधले आहेत. मी वयस्कर माणसांना दुसरा मार्ग लिहून देतो, कारण पुढच्या गाडीत दोनच स्थानके मोजायची असतात. निहोम्बाशीला आसाकुसा मार्गिकेची भुरळ पडू नये एवढे मात्र सांगावे लागते: तिने A13 वरून A11 हिगाशी-गिन्झापर्यंत जाता येते आणि तेथून गिन्झा पायीही जवळ आहे, पण ती तोएईची असल्याने भाडे वेगळे जोडले जाते. वाट चुकत नाही, पैसे जास्त जातात.

म्हणून प्रत्येक बदलापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: फाटकाबाहेर जावे लागते का, सेवा बदलते का आणि चालायचे किती. तिसऱ्याचा अंदाज फलाटावरच्या ‘のりかえ’ तक्त्यावरून येतो. कोणत्या क्रमांकाच्या डब्यातून उतरले की जिना किंवा लिफ्ट जवळ पडते, ते तेथे दाखवलेले असते. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी तो डब्याचा क्रमांक हीच सर्वांत मोलाची माहिती असते, आणि ती मुख्य नकाशाच्या फोटोत कधीच येत नाही. वेगळा फोटो काढावा लागतो.

फाटकाबाहेरच्या बदलाचे एक उदाहरण पाहावे, कारण त्याची टीप भाषांतरात हमखास बिघडते. हिबिया मार्गिकेवरील निन्ग्योचो आणि हान्झोमोन मार्गिकेवरील सुइतेन्गुमाए ही वेगळ्या नावांची स्थानके असली तरी तेथे रस्त्याने चालत जाऊन गाडी बदलता येते आणि प्रवास एकच धरला जातो. मुंबईत परळला उतरून पुलावरून प्रभादेवीला जातात, तसाच प्रकार समजावा. अट एवढीच की एका फाटकातून बाहेर पडल्यापासून 60 मिनिटांच्या आत दुसऱ्या फाटकातून आत शिरायचे. पूर्वी ही मुदत 30 मिनिटांची होती आणि जुन्या नकाशांच्या फोटोत तोच आकडा दिसतो. रिचार्जचे कार्ड असेल तर हिशेब आपोआप होतो. कागदी तिकीट असेल तर बदलासाठी ठेवलेल्या नारिंगी रंगाच्या फाटकातूनच बाहेर पडावे लागते, नाहीतर साधे फाटक तिकीट गिळून टाकते. अ‍ॅपने या टिपेचे ‘60 मिनिटांत बदल’ असे केले तर वाचणाऱ्याला वाटते की बदलायला तासभर लागतो. आपण लिहावे: ‘बाहेर पडल्यापासून 60 मिनिटांच्या आत पुन्हा आत जा, त्यासाठी नवे तिकीट लागत नाही.’

पाचवी पायरी: वेळापत्रक

फलाटावरचे किंवा संकेतस्थळावरचे वेळापत्रक म्हणजे उभा तक्ता. डावीकडे तासाचा आकडा आणि त्या ओळीत फक्त मिनिटे. समजा 22 च्या ओळीत 04 आणि 11 असे आकडे आहेत, तर त्या गाड्या 22:04 आणि 22:11 च्या. हे कोणालाही जमते. अवघड आहे ते मिनिटाच्या भोवतीचे. आकड्याचा रंग किंवा त्याची चौकट गाडीचा प्रकार सांगते, आणि आकड्याच्या डोक्यावर एखादे छोटे अक्षर असेल तर ते शेवटचे स्थानक सांगते. आपल्याकडे इंडिकेटरवर ‘क’ दिसले की कल्याण समजतो, तसे. अक्षर नसेल तर ती गाडी तळाच्या खुणांत सर्वांत आधी दिलेल्या, नेहमीच्या स्थानकापर्यंत जाते. म्हणून तक्त्याच्या तळाचा फोटो काढल्याशिवाय वरचे आकडे उतरवायला घेऊ नयेत. मी स्वतः एकदा घाईत अख्खा तक्ता नकलून काढला आणि मग कळले की त्यातल्या कोणत्या गाड्या धीम्या हेच मला ठाऊक नाही.

तक्ते दोन असतात. ‘平日’ म्हणजे कामाचे दिवस, सोमवार ते शुक्रवार. ‘土休日’ म्हणजे शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या. जपानमध्ये पुष्कळ सुट्ट्या सोमवारी येतात, आणि त्या सोमवारी दुसरा तक्ता लागू होतो. आपण मात्र ‘आज सोमवार’ म्हणून पहिला पाहतो. वर्षअखेरीस 30 डिसेंबर ते 3 जानेवारी या काळातही वार कोणताही असला तरी सुट्टीचाच तक्ता चालतो. जपानी सुट्ट्यांची यादी फ्रिजवर लावलेली असल्याशिवाय वेळापत्रकाचे मराठी अपुरेच राहते.

मेट्रो रात्रभर चालत नाही. पहाटे पाचच्या सुमारास सुरू होते आणि मध्यरात्रीच्या आसपास बंद होते. 23 च्या ओळीखाली 0 ची ओळ असते, आणि ती वरच्याच दिवसाची शेपटी असते. शुक्रवारी उशिरा जेवण आटोपून 0:05 ची गाडी पाहायची असेल, तेव्हा कॅलेंडरवर शनिवार उजाडलेला असतो, पण तक्ता शुक्रवारचा, म्हणजे ‘平日’ चाच पाहायचा. मराठी कागदावर मी 0 न लिहिता ‘शुक्रवार रात्री 12 वाजून 5 मिनिटे’ असे वाराच्या नावासह लिहितो, म्हणजे वाद उरत नाही.

शेवटच्या गाडीसाठी ‘終電’ किंवा ‘最終’ हे शब्द येतात. तक्त्याच्या तळाची शेवटची गाडी आपल्या घरापर्यंत जातेच असे समजू नये. तिच्या डोक्यावरचे अक्षर तोयोचोचे असेल तर ती निशी-कासाईच्या दोन स्थानके अलीकडे संपणार आणि मध्ये आराकावा नदी आहे. आपली शेवटची गाडी म्हणजे तोयोचोच्या पुढे जाणारी शेवटची गाडी, तीच शोधून लिहावी. ‘始発’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि अ‍ॅप बहुतेक वेळा पहिलाच धरते. एक म्हणजे दिवसाची पहिली गाडी. दुसरा, ‘当駅始発’ असे लिहिले असेल तर, याच स्थानकातून सुटणारी गाडी, जी रिकामी येते आणि बसायला जागा मिळते. सकाळी आठच्या ओळीत ‘पहिली गाडी’ असे भाषांतर दिसले तर ते चुकले आहे, हे तेवढ्यावरूनच ओळखावे.

वेळापत्रकात बदल साधारणपणे मार्चच्या मध्याला होतात. कागद त्याआधीचा असेल तर एप्रिलमध्ये तो पुन्हा पडताळावा.

तयार कागद

अखेरीस आजोबांच्या खिशात जो कागद जातो, तो पोस्टकार्डाएवढा असतो. एका बाजूला जाणे, दुसऱ्या बाजूला येणे. जाण्याच्या बाजूला मी असे लिहितो:

निशी-कासाई T16, आकाशी रंग, नाकानोकडे, ‘中野方面’. कोणतीही गाडी चालेल. सहावे स्थानक निहोम्बाशी T10, ‘日本橋’, येथे उतरा. नारिंगी रंगाचे G चे वर्तुळ पाहत चला, फाटकाबाहेर पडू नका. शिबुयाकडे, ‘渋谷方面’. दुसरे स्थानक गिन्झा G09, ‘銀座’.

येण्याच्या बाजूला हेच उलट, पण एक वाक्य जास्त असते: निहोम्बाशीला ‘各停’ असेल तरच चढा, आणि गाडीवर ‘東陽町行’ असेल तर ती सोडून द्या. जपानी अक्षरे मी कधीच गाळत नाही. वाट चुकली तर स्थानकातल्या कर्मचाऱ्याला मराठी वाचता येणार नाही, पण कागदावरच्या ‘西葛西’ वर बोट ठेवले की तो हात धरून योग्य फलाटापर्यंत आणून सोडतो, हे आमच्या घरच्या आजोबांनी दोनदा अनुभवले आहे, आणि दुसऱ्यांदा तर मुद्दाम, असा मला दाट संशय आहे.